‘देऊन’ की ‘घेऊन’?

शेळीपालनाच्या एका प्रकल्पाचा प्रस्ताव मी तपासत होते. सारांशात एक वाक्य होते: ‘महिलांना शेळ्या दिल्यानंतर त्यांचे वजन दर महिन्याला नोंदवले जाईल.’ वजन शेळ्यांचे, हे लिहिणाऱ्याला इतके स्पष्ट होते की दुसरा अर्थ त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. पण त्याच संस्थेचे दुसरे काम महिलांच्या रक्तक्षयावर चालू होते आणि त्या कामात दर महिन्याला महिलांचे वजन खरोखरच घेतले जात असे. ही चूक माझ्याही नजरेतून सुटली. निधी देणाऱ्यांकडून विचारणा आली, की अंदाजपत्रकात दाखवलेला वजनकाटा माणसांसाठी आहे की जनावरांसाठी? उत्तर जायला पंधरा दिवस लागले आणि प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला.

तेव्हापासून मी प्रस्तावाचा सारांश हातात घेतला की आधी दोनच गोष्टी पाहते. पहिली म्हणजे ‘करून, घेऊन, देऊन’ अशी ‘ऊन’ने संपणारी धातुसाधिते. त्यांचा कर्ता वाक्यात कुठे आहे? दुसरी म्हणजे ‘ते, त्या, त्यांना, हे, यामुळे’ ही सर्वनामे. ती नेमक्या कोणत्या नामाकडे बोट दाखवतात? कर्ता सापडत नसेल, तर त्या क्रियापदाला मी अधांतरी म्हणते. सर्वनामाला दोन नामे सापडत असतील, तर त्यातले एक वाचक आपल्या मनाने निवडतो, आणि ते बरोबरच निवडेल याची खात्री नसते.

हे दोष पूर्ण प्रस्तावात कमी आणि सारांशात जास्त का सापडतात, याचे कारण सारांश तयार होण्याच्या पद्धतीत आहे. वीस पानांचा मजकूर अडीचशे शब्दांत बसवायचा असतो. लेखक मूळ मजकुरातली महत्त्वाची वाक्ये उचलतो आणि एकापुढे एक ठेवतो. ‘त्यांना दरमहा मानधन मिळेल’ हे वाक्य मूळ जागी बिनचूक असते, कारण आधीचा अख्खा परिच्छेद पशुसखींविषयी असतो. वाक्य सारांशात येते, तो परिच्छेद मात्र मागेच राहतो. आता ‘त्यांना’च्या शेजारी कुठलेतरी दुसरेच नाम येऊन बसते. ‘ऊन’चेही तसेच. ‘संस्था प्रशिक्षण देईल. पशुसखी काम करतील.’ ही दोन सरळ वाक्ये शब्द वाचवण्यासाठी एकत्र दाबली जातात आणि ‘प्रशिक्षण देऊन पशुसखी काम करतील’ असे वाक्य तयार होते. हे वाक्य जसे आहे तसे वाचले, तर प्रशिक्षण पशुसखीच देतात.

खरा प्रस्ताव इथे छापणे योग्य नाही, म्हणून अनेक सारांशांत पुन्हा पुन्हा भेटणारे दोष एकत्र करून मी एक नमुना रचला आहे. गाव, संस्था आणि आकडे कल्पित आहेत. तालुका दुष्काळी असावा म्हणून माण घेतला.

‘माण तालुक्यातील सहा गावांत १५० महिला शेळ्या पाळतात. पावसाळ्याच्या तोंडावर आजारी पडून त्यांचे मोठे नुकसान होते. गावात दवाखाना नसल्याने त्यांना वेळेवर उपचार मिळत नाहीत. संस्थेने बचत गटांच्या बैठका घेऊन १२ पशुसखींची निवड झाली आहे. त्यांना प्रशिक्षण देऊन त्या त्यांच्या गावातील शेळ्यांचे लसीकरण करतील. नियमित लसीकरण करून करडांची मरतूक ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येईल. पशुधन विकास अधिकारी व संस्थेचे समन्वयक दर महिन्याला भेट देतील. त्यांच्या देखरेखीखाली हे काम होईल. यामुळे दोन वर्षांनंतर ते त्यांच्याच पैशावर चालू राहील.’

पशुसखी म्हणजे गावातलीच प्रशिक्षित महिला. ती शेळ्यांची प्राथमिक देखभाल करते आणि गावकरी व दवाखाना यांच्यातला दुवा असते. बाकी मजकूर वाचताना कुठे अडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. हे काम माहीत असलेला माणूस पुढचा-मागचा संदर्भ मनातून भरत जातो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मुळे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. तेव्हापासून असे सारांश वाचणाऱ्यांत गाव न पाहिलेले, शेळीपालनाशी कधी संबंध न आलेले कितीतरी लोक आले आहेत. मनातून भरायला त्यांच्याकडे काहीच नसते.

आधी ‘ऊन’ घेऊ. मराठीत ‘ऊन’ लावलेल्या क्रियेचा आणि वाक्यातल्या मुख्य क्रियेचा करणारा साधारणपणे एकच असतो. ‘आई स्वयंपाक करून कामावर गेली’ या वाक्यात स्वयंपाक कोणी केला, कामावर कोण गेले, दोन्हींचे उत्तर ‘आई’. तपासण्याची रीत हीच. प्रत्येक ‘ऊन’ला ‘कोण?’ विचारायचे, मग मुख्य क्रियापदाला ‘कोण?’ विचारायचे आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. (शोधताना ‘वरून, कडून, पासून, म्हणून’ हे शब्द सोडून द्यावेत. शेवटी ‘ऊन’ असला तरी ते इथे क्रियापदाचे काम करत नाहीत.)

नमुन्यात असे चार ‘ऊन’ आहेत. ‘आजारी पडून त्यांचे मोठे नुकसान होते.’ आजारी कोण पडते? शेळ्या. होते काय? नुकसान. उत्तरे जुळत नाहीत आणि शेळ्या तर वाक्यात नाहीतच. जवळ ‘त्यांचे’ आहे आणि ‘त्यांचे’ महिलांना लागू पडते, म्हणून आजारपणही महिलांकडे जाते. दुरुस्ती सोपी आहे. आजारी पडणाऱ्याला त्याच्या क्रियापदाशेजारी आणून बसवायचे: ‘शेळ्या आजारी पडतात आणि या महिलांचे मोठे नुकसान होते.’

दुसरे वाक्य मधेच मोडले आहे. ‘संस्थेने बैठका घेऊन’ अशी सुरुवात झाल्यावर पुढे ‘निवड केली आहे’ यायला हवे होते, पण आले ‘निवड झाली आहे’. हा प्रकार फार आढळतो. लिहिणाऱ्याला ‘संस्थेने निवड केली’ असे म्हणणे खटकलेले असते, कारण निवड खरे तर बचत गटांनी केलेली असते. म्हणून हात ‘झाली’कडे वळतो. ‘झाली’मुळे खोटे बोलणे टळते, पण खरेही सांगितले जात नाही. निधी देणाऱ्याला मात्र नेमके हेच हवे असते. पशुसखी वरून नेमल्या, की गावाने ठरवल्या? ‘झाली’ऐवजी ‘केली’ लिहिले तर व्याकरण सुधारेल आणि माहिती चुकेल. बरोबर वाक्य असे: ‘संस्थेने बोलावलेल्या बैठकांत बचत गटांनी आपल्या सभासदांतून १२ पशुसखी निवडल्या आहेत.’ बोलावणारे कोण आणि निवडणारे कोण, दोन्ही जागच्या जागी आले.

तिसऱ्या वाक्याला एक अक्षरही वाढवावे लागत नाही. ‘प्रशिक्षण देऊन त्या लसीकरण करतील’ इथे देणारी संस्था आहे आणि करणाऱ्या पशुसखी. ‘देऊन’च्या जागी ‘घेऊन’ ठेवले की दोन्ही क्रिया पशुसखींच्या होतात आणि वाक्य उभे राहते. मात्र प्रशिक्षण कोण देणार, हे मग वेगळ्या वाक्यात सांगावे लागते. सांगायलाच हवे, कारण त्या ओळीवर खर्च मागितलेला असतो.

चौथ्या वाक्यावर मी जास्त वेळ थांबते. ‘नियमित लसीकरण करून करडांची मरतूक कमी होईल’ हे कानाला चुकीचे वाटत नाही. ‘औषध घेऊन ताप उतरला’ असे आपण सर्रास म्हणतो. औषध घेणारा ताप नसतो, तरी कोणी हरकत घेत नाही, कारण ताप ज्याला आहे त्यानेच औषध घेतले हे उघड असते. ‘तिला पाहून मला आनंद झाला’ यातही व्याकरणाचा कर्ता ‘आनंद’ आहे, पण पाहणारा मीच. ‘पाऊस पडून पीक गेले’ यात ‘पडून’चा कर्ता शेजारीच उभा आहे. म्हणजे ‘दोन्ही कर्ते एकच हवेत’ हा नियम आंधळेपणाने लावायचा नाही. करणारा कोण हे वाक्यातून निःसंशय कळते का, हे पाहायचे. नमुन्यातल्या वाक्यात ते कळत नाही. आधीच्या वाक्यात पशुसखी लसीकरण करतील असे म्हटले आहे, नंतरच्या वाक्यात पशुधन विकास अधिकारी येतात, आणि मधल्या ‘करून’ला कोणीच नाही.

इथे भाषेचा प्रश्न थेट कामाच्या प्रश्नात उतरतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्याने जनावरांवरील उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकांकडे ठेवले आहेत. लस टोचणे, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा राज्य सरकारने परवानगी दिलेल्या इतर व्यक्ती देऊ शकतात, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली. हे माहीत असलेला परीक्षक ‘लसीकरण करून’ वाचताच विचारतो, की सुई कोणाच्या हातात आहे? लेखकाने ‘करून’ लिहिताना हा प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो. कर्ता शोधायला लागल्यावर अनेकदा कळते, की तो वाक्यात नाही, कारण तो आराखड्यातही ठरलेला नाही. भाषा तपासणाऱ्याने अशा ठिकाणी स्वतःच्या अंदाजाने कर्ता घालू नये. समासात ‘कोण?’ एवढेच लिहून कागद परत पाठवावा.

‘लसीकरण करण्यात येईल’ ही पळवाट मी स्वीकारत नाही. व्याकरणात ती बसते. ‘सर्वेक्षण करून लाभार्थी निवडण्यात येतील’ या वाक्यात दोन्ही क्रियांचा करणारा एकच आहे, फक्त लपलेला. पण प्रस्तावात कामांची वाटणी हाच करार असतो. करणारा लपला, तर त्या कामाची जबाबदारी नंतर कोणाकडे मागायची?

आता सर्वनामे. मराठीत लिंग असल्यामुळे आपली सर्वनामे स्पष्ट असतात, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ‘तो, ती, ते’ आणि ‘ते, त्या, ती’ इथे लिंग दिसते. प्रत्यय लागला की अनेकवचनात ते पुसले जाते. ‘त्यांना, त्यांचे, त्यांच्या’ हे पुरुषांना, बायकांना, शेळ्यांना, करडांना, गावांना सारखेच लागू पडतात. त्यात आदरार्थी बहुवचनाची भर. ‘त्यांनी’ म्हणजे एक सरपंचही असू शकतात आणि पन्नास शेतकरीही.

प्रत्यय नसतानाही फसायला जागा आहे. ‘ती’ म्हणजे एक पशुसखी, आणि ‘ती’ म्हणजे अनेक करडेही. ‘त्या’ तर सगळ्यात निसरडा. ‘त्या गावातील शेळ्या तपासतील’ हे वाक्य पाहा. ‘त्या’ म्हणजे पशुसखी असतील, तर त्यांच्याच गावातल्या शेळ्यांविषयी बोलणे चालले आहे. ‘त्या’ हे ‘गावातील’चे विशेषण असेल, तर ठरावीक एका गावाविषयी, आणि तपासणारे कोण ते सांगितलेलेच नाही. मोठ्याने वाचताना आवाजाच्या चढउताराने फरक कळतो. कागदावर कळत नाही.

नमुन्यात ‘त्यां-’ने सुरू होणारी सहा रूपे आहेत. मी पेन्सिलीने प्रत्येकाभोवती गोल काढते आणि तिथून नामाकडे बाण ओढते. एकच बाण निघाला, तर सर्वनाम राहू देते. दोन निघाले, तर तिथे नाम लिहिते. ‘त्यांना वेळेवर उपचार मिळत नाहीत’ इथे महिला आणि शेळ्या असे दोन बाण निघतात. ‘गावात दवाखाना नसल्याने’ या शब्दांनी गोंधळ आणखी वाढतो, कारण दवाखाना कोणाचा हेही सांगितलेले नाही. ‘पशुवैद्यकीय’ हा एक शब्द घातला की वाक्याचा निम्मा प्रश्न सुटतो.

‘त्या त्यांच्या गावातील शेळ्यांचे’ यातल्या ‘त्यांच्या’ला वेगळा उपाय आहे. कर्त्याच्याच मालकीची गोष्ट असेल, तर मराठीत ‘आपला’ हे आत्मवाचक सर्वनाम वापरतात. ‘पशुसखी त्यांच्या गावात’ म्हटले की दुसऱ्याच कोणाचे गाव असल्याचा भास होतो. ‘पशुसखी आपल्या गावात’ म्हटले की ते त्यांचेच. पण ‘आपल्या’चा अर्थ ‘आपल्या सर्वांच्या’ असाही होतो आणि ‘तुमच्या’ असाही. म्हणून बारा जणी सहा गावांत विभागलेल्या असताना ‘आपापल्या’ हा शब्द सर्वांत चोख. त्या एका शब्दाने प्रत्येकीचे गाव वेगळे असू शकते आणि प्रत्येकीने स्वतःच्याच गावात काम करायचे, या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात.

‘त्यांच्या देखरेखीखाली’ हे सहांपैकी सर्वांत महाग पडू शकणारे. आधीच्या वाक्यात अधिकारी आहेत आणि समन्वयक आहेत. ‘त्यांच्या’ म्हणजे दोघांच्या, की आदरार्थी बहुवचनाने एकट्या अधिकाऱ्यांच्या, की शेवटी आलेल्या समन्वयकांच्या? वर सांगितलेला कायदा लक्षात घेतला, तर पहिला आणि तिसरा अर्थ यांत फार अंतर आहे. समन्वयक पशुवैद्यक नसतील, तर त्यांच्या देखरेखीला इथे काही अर्थ उरत नाही.

शेवटचे वाक्य तर सर्वनामांवरच उभे आहे: यामुळे, ते, त्यांच्याच. ‘यामुळे’ म्हणजे लसीकरणामुळे, भेटींमुळे, की मरतूक घटल्यामुळे? निधी संपल्यावर काम कसे चालणार, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अर्जात विचारलेला असतो आणि त्याचे उत्तर या एका वाक्यात आहे. ‘हे’, ‘ते’, ‘यामुळे’ असे शब्द मागच्या पूर्ण मजकुराकडे हात दाखवतात, तेव्हा त्यांच्यापुढे नाम ठेवून पाहावे: या शुल्कामुळे, या भेटींमुळे, या नोंदींमुळे. नाम सुचले तर वाक्य सुधारते. सुचलेच नाही, तर सांगायचे काय हे अजून ठरायचे आहे असे समजावे.

या दुरुस्तीला मर्यादाही आहे. सगळी सर्वनामे काढून टाकली तर ‘पशुसखी’ हा शब्द आठ वेळा येतो आणि मजकूर शासकीय परिपत्रकासारखा जड होतो. शब्दही वाढतात. नमुना शहात्तर शब्दांचा आहे, दुरुस्त केल्यावर तो सुमारे दीडपट होतो. शब्दमर्यादा कडक असेल, तर जागा विशेषणांतून काढावी. ‘मोठे’, ‘नियमित’ हे शब्द गेले तरी काही बिघडत नाही. कर्ता गेला तर बिघडते. सारांश पुढे इंग्रजीत जाणार असेल, तर हे आणखी जपावे लागते. इंग्रजीत शेळ्यांना आणि महिलांना अनेकवचनी सर्वनाम एकच आहे, पण एकवचनात बाईला एक आणि वस्तूला दुसरे. भाषांतर करणारा कुठेतरी अंदाज करतो, आणि समितीपुढे छापून जातो तो त्याचा अंदाज.

दुरुस्त केलेला सारांश असा:

‘माण तालुक्यातील सहा गावांत १५० महिला शेळ्या पाळतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्या आणि करडे आजारी पडतात, आणि गावात पशुवैद्यकीय दवाखाना नसल्याने त्यांच्यावर वेळेवर उपचार होत नाहीत. करडांची मरतूक ३० टक्के आहे. तिचा आर्थिक फटका या महिलांना बसतो. संस्थेने बोलावलेल्या बैठकांत बचत गटांनी आपल्या सभासदांतून १२ पशुसखी निवडल्या आहेत. संस्था या पशुसखींना प्रशिक्षण देईल. प्रशिक्षण घेऊन पशुसखी आपापल्या गावातील शेळ्यांच्या नोंदी ठेवतील आणि लसीकरणाच्या दिवशी शेळ्या एकत्र आणतील. लस ........ टोचतील. पशुधन विकास अधिकारी दर महिन्याला गावांना भेट देतील आणि लसीकरण त्यांच्या देखरेखीखाली होईल. नोंदवह्या संस्थेचे समन्वयक तपासतील. दोन वर्षांत करडांची मरतूक १० टक्क्यांवर आणणे हे संस्थेचे उद्दिष्ट आहे. त्यानंतर शेळीपालक महिला दर भेटीमागे पशुसखीला शुल्क देतील. त्या शुल्कावर पशुसखींचे काम चालू राहील.’

यात ‘त्यांच्यावर’ मी राहू दिले, कारण त्याच वाक्यात शेळ्या आणि करडे हेच कर्ते आहेत. ‘तिचा’ही राहिले, कारण जवळचे स्त्रीलिंगी एकवचनी नाम ‘मरतूक’ एवढेच आहे. ‘त्यांच्या देखरेखीखाली’ही टिकले, कारण समन्वयक आता पुढच्या वाक्यात गेले आहेत. ‘ऊन’ एकच उरला. टिंबांची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे कोणाचे नाव लिहायचे, हे संस्थेने पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला विचारल्यावरच ठरेल.